वजीर देताना

कृष्णाकाठच्या त्या गावात सूर्यास्तापूर्वी जेवणारी घरे मोजकीच. पण त्या घरांची संध्याकाळ इतरांपेक्षा तास-दोन तासांनी मोठी असते. पाच-साडेपाचला चूल विझते, भांडी पालथी पडतात आणि सामायिकाला बसेपर्यंतचा वेळ मोकळा राहतो. अण्णांनी हा वेळ चाळीस वर्षे बुद्धिबळाला दिला होता. दुकानाच्या ओसरीवर सागवानी फळीचा पट मांडला जाई, आणि पलीकडच्या आळीतले बापू सुतार हातावरचा भुसा झटकत समोर येऊन बसत.

मोहरी बापूंनीच घडवलेली होती. काळी शिसवीची, पांढरी शिवणीची. २०१९ च्या पुरात ओसरीवर कमरेइतके पाणी चढले, तेव्हा डबा वाहत जाऊन परसातल्या बाभळीला अडकला. सगळी मोहरी सापडली, पण एक पांढरे प्यादे गेले ते गेलेच. बापू नवे करून देतो म्हणाले. तोवर म्हणून अण्णांनी एक जाडसर हळकुंड तासून त्या जागी उभे केले आणि ते तसेच राहिले. खेळून उठले की बोटांना हळदीचा वास येई.

या पटावर दोन नियम असे होते की जे कुठल्या पुस्तकात सापडणार नाहीत. पहिला, पैज नाही. चहाचीही नाही. द्यूत हे सात व्यसनांपैकी पहिले, आणि अण्णांच्या मते चहाच्या पैजेतून पैशाच्या पैजेकडे जाणारी वाट उताराची होती. दुसरा नियम बोलण्याचा. या ओसरीवर मोहरे कोणी ‘मारत’ नसे, ‘उचलत’ असे. बापूंना हे वळण लागायला वर्ष गेले म्हणतात. पुढे ते घरीही ‘फांदी मारली’ ऐवजी ‘फांदी उतरवली’ म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला हसू आवरेना.

उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याहून नातू आला. श्रेणिक अकरा वर्षांचा. शाळेत बुद्धिबळाचा वर्ग होता, शिवाय वडिलांच्या फोनवर तो रोज खेळे. त्याने आल्या आल्या जाहीर केले की प्यादे पहिल्या खेपेला दोन घरे जाते आणि राजाने घोड्यासारखी उडी मारायची नसते, किल्ला करायचा असतो. अण्णांनी लहानपणी देशी नियमांनी खेळ शिकला होता. त्यात प्यादे एकेक घर चाले आणि शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. त्यांनी वाद घातला नाही. “तुझ्या नियमांनी खेळू,” म्हणाले. “पण तू ज्याला क्वीन म्हणतोस, तो आमच्याकडे वजीर आहे. राणी नाही. राजाचा नोकर.”

हा फरक वरवरचा नाही. आपल्याकडून पर्शियात आणि तेथून अरबांकडे गेलेल्या खेळात वजीर अगदी दुबळा होता. तिरपे एकच घर चाले. त्याला देऊन टाकण्यात कोणाचे काळीज हलत नसे. युरोपात त्याची राणी झाली, पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला पटभर धावायचे बळ मिळाले आणि तेव्हापासून तिला गमावण्याचे भयही जन्माला आले. स्पेनमधील लुसेना यांच्या १४९७ साली छापलेल्या पुस्तकात नव्या बळाची ही राणी आहे, आणि तिलाच देऊन घोड्याने मात करण्याची रीतही आहे. म्हणजे बळ मिळाले न मिळाले तोच ते सोडण्याची युक्तीही कोणीतरी लिहून ठेवली. अण्णांनी लुसेनाचे नाव ऐकलेले नव्हते. त्यांना ती मात सांगलीच्या एका हळदीच्या दलालाने शिकवली होती.

श्रेणिकचा खेळ वाईट नव्हता. पहिल्या पंधरा खेळ्या तो झपाझप करी आणि त्यांत चूक क्वचितच असे. अडचण त्यानंतर सुरू होई. वजिराला कोणी नुसते डोळे दाखवले तरी तो त्याला मागे घेई. उंट अडला, घोडा अडला, हत्ती कोपऱ्यातून बाहेरच आला नाही, तरी चालेल, वजीर सुखरूप हवा. चौथ्या संध्याकाळी अण्णांनी त्याच्या वजिरामागे एक घोडा लावला आणि पाच खेळ्या त्याला पळवले. वजीर वाचला. तेवढ्यात अण्णांची बाकी सेना राजाच्या दारात पोहोचली होती.

“वजीर वाचवलास,” अण्णा म्हणाले. “राजा गेला.”

“पण वजीर नऊ गुणांचा असतो, आजोबा. हत्ती पाच, उंट आणि घोडा तीन-तीन, प्यादे एक. नऊ देऊन तीन घेतले तर तोटाच ना?”

“हे आकडे कुठे लिहिलेत?”

“सगळीकडे. वर्गात शिकवतात.”

“मग बरोबरच असतील. पण हा खरेदीचा भाव झाला. माल गोदामात पडला आहे तोवर हाच भाव धरायचा. विकायला काढलास की त्या दिवशीचा बाजार पाहायचा.” असे म्हणून त्यांनी पट रिकामा केला.

मग जे झाले ते मी जरा सावकाश सांगणार आहे. घरात पट असेल त्यांनी तो समोर मांडून घ्यावा.

अण्णांनी शेवट आधी मांडला. पलीकडच्या उजव्या कोपऱ्यात काळा राजा. त्याच्यासमोर त्याचे प्यादे, त्या प्याद्याच्या डाव्या अंगाला दुसरे प्यादे. राजाला अगदी लागून, त्याच्याच रांगेत, त्याचाच हत्ती. आणि हत्तीच्या समोरच्या रांगेत एक घर डावीकडे पांढरा घोडा. पटावर दुसरे काहीही नाही.

“राजाला शह आहे का?”

श्रेणिकने घोड्याची अडीच घरे मोजली. “आहे.”

“त्याला जायला घर?”

तीन घरे होती आणि तिन्हींवर राजाचीच माणसे उभी होती. श्रेणिक बराच वेळ बघत राहिला. एवढा मोठा पट मोकळा पडला होता, आणि राजा स्वतःच्या घरच्यांत कोंडला गेला होता. एका घोड्याने मात.

“आता सांग, हा हत्ती राजाशेजारी आला कशाला?”

अण्णांनी हत्ती उचलून त्याच रांगेच्या पार डाव्या टोकाला ठेवला. घोडा एक उडी मागे, उजव्या काठावर, राजाच्या प्याद्यासमोर नेला. आणि हत्ती जेथे उभा होता, राजाच्या अगदी खांद्याला खांदा लावून, तेथे पांढरा वजीर ठेवला.

“हा वजीर राजाला उचलता येईल?”

“हो. शेजारीच तर आहे.” मग क्षणभराने, “नाही. काठावरच्या घोड्याची त्या घरावर नजर आहे.”

“मग शह कसा चुकवेल?”

“हत्तीने वजीर उचलावा लागेल. दुसरं काहीच नाही.”

“उचलला की हत्ती कुठे येतो?”

श्रेणिकने हत्ती रांगेतून सरकवत आणला, वजीर बाजूला ठेवला आणि त्याचा हात हवेतच थांबला. राजाचे शेवटचे मोकळे घर हत्तीने भरले होते. त्याने घोडा उचलला आणि पहिल्या जागी ठेवला. तीच मात.

अण्णा आणखी एक पायरी मागे गेले. राजा कोपऱ्याच्या शेजारच्या घरात होता, पांढरा वजीर दूरवरून तिरक्या रेषेत त्याच्याकडे पाहत होता, आणि मध्ये आडवा घोडा होता. तो घोडा काठाकडे उडी घेतो तेव्हा एकाच वेळी दोन शह बसतात, एक घोड्याचा आणि एक त्याच्यामागून उघडलेल्या वजिराचा. एका शहाला आडवे मोहरे घालता येते, शह देणाऱ्याला उचलता येते. दोन शह एकदम आले तर राजाला स्वतःच उठावे लागते. कोपऱ्यात गेला तर आत्ता पाहिलेला शेवट. उलट दिशेला सरकला तर वजीर घोड्याच्या आधाराने त्याच्या तोंडावर, घोड्याने नुकत्याच सोडलेल्या घरात, येऊन बसतो, आणि तीही मात. राजाला निवड असते, पण ती कुठे हरायचे एवढीच.

“ताळेबंद आधी बघायचा,” अण्णा म्हणाले, “मग मागची पानं चाळायची. पहिल्या पानापासून वाचत गेलास तर वजीर द्यायची वेळ आली की घाबरशील. शेवट ठाऊक असला की ती नुसती एक नोंद वाटते.”

दुसऱ्या दिवशी श्रेणिकने सकाळपासून तीच मांडणी दहादा लावली. आणि संध्याकाळी, व्हायचे तेच झाले. अण्णांचा राजा कोपऱ्यात गेला होता, समोर दोन प्यादी होती, घोडा काठावर पोहोचला होता. पोराचे डोळे लकाकले. त्याने पाणीही न पिता वजीर राजाच्या खांद्याशी नेऊन ठेवला. अण्णांनी हत्तीने तो उचलला. घोड्याने उडी घेतली. “मात!”

अण्णांचा वजीर त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. मधली सगळी घरे मोकळी होती. त्यांनी तो शांतपणे सरकवत आणला आणि घोडा उचलला.

श्रेणिकचा चेहरा पडला. वजीर गेला होता, घोडाही गेला होता. त्या आधीच्याच खेळीत अण्णांना काठावरचा घोडा प्याद्याने उचलता आला असता आणि त्यांनी तो मुद्दाम ठेवला होता, हे त्याला त्या वेळी कळले नाही.

“काल मी तुला बाकीचा पट रिकामा करून दाखवलं होतं,” अण्णा म्हणाले. “आज पट रिकामा होता का?”

अशी मात फसते ती बहुधा तीन जागी. वजीर जेथे ठेवायचा त्या घरावर आपल्या घोड्याची नजर नसेल तर राजाच तो गिळून टाकतो. समोरच्याला वजीर उचलण्यावाचून दुसरा मार्ग उरला असेल, तर तो उचलत नाही आणि आपले देणे वाया जाते. आणि घोडा शेवटी ज्या घरात उतरणार आहे, त्यावर समोरच्याचा कोणी टपून बसला असेल, तर श्रेणिकचे झाले ते होते. पहिली दोन घरे डोळ्यांसमोर असतात, म्हणून माणूस ती पाहतो. तिसरे घर त्या क्षणी रिकामे दिसते आणि रिकाम्या घराकडे कोणी पाहत नाही. अण्णांनी त्याला एक सवय लावली: वजिराला हात लावण्याआधी घोडा जेथे उतरणार त्या घरावर बोट ठेवायचे, आणि तेथून आडव्या, उभ्या, तिरक्या सगळ्या रेषांवर नजर फिरवून कोण दिसते ते पाहायचे. उधारी देताना आपण गिऱ्हाईक पाहतो, अण्णा म्हणत, पण त्याच्यामागे आणखी कोणाचे देणे आहे ते पाहत नाही.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. मधल्या एका सकाळी, दुकानात हळकुंडे निवडताना, श्रेणिकने एक प्रश्न विचारला. तो त्याने बहुधा बरेच दिवस जवळ ठेवला असावा.

“आजोबा, सांगलीची पेढी तुम्ही देऊन टाकली होती ना? पप्पा आईला सांगत होते.”

तीस वर्षांपूर्वीची ती वाटणी गावाला ठाऊक होती. वडिलांमागे दोन भाऊ, दोन दुकाने. सांगलीच्या बाजारातली हळदीची अडत, हरिपूरच्या पेवांमध्ये भरलेला माल, बांधलेली गिऱ्हाइके, हे एका बाजूला. आणि गावातले हे किराणा-बियाण्यांचे दुकान दुसऱ्या बाजूला. थोरले म्हणून पेढीवर हक्क अण्णांचा. धाकट्याने वकील गाठला होता. कागद कोर्टात जाणार त्याच्या आदल्या दिवशी अण्णांनी पेढीच्या किल्ल्या धाकट्याच्या हातात ठेवल्या आणि बिऱ्हाड घेऊन गावी आले. श्रेणिकचे वडील भरत तेव्हा सांगलीत नववीत होते. पुढे ते पुण्यात नोकरीला लागले, भाड्याच्या घरात राहिले, आणि अण्णांशी जेवढ्यास तेवढे बोलू लागले.

“दिली,” अण्णा म्हणाले.

“तेव्हा तुम्ही शेवट आधी पाहिला होता का?”

अण्णांनी हातातले हळकुंड मोडून आतला रंग पाहिला. चांगला गडद केशरी होता. ते त्यांनी उजव्या सुपात टाकले.

“नाही,” ते म्हणाले. “पटाला चौसष्ट घरं असतात, म्हणून मोजता येतं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की वडिलांची दोन मुलं उद्या कोर्टाच्या पायरीवर समोरासमोर उभी राहणार. पुढचं काही दिसत नव्हतं. तुझ्या पप्पाची शाळा सुटेल, हेही दिसलं नाही. ते दिसायला हवं होतं.”

“मग ते चुकलं?”

“तुझा काकाआजोबा दर पर्युषणात क्षमापनेला घरी येतो. तुझा बाप पुण्यात भाडं भरतो. आता तू सांग.”

श्रेणिकला सांगता आले नाही. अण्णांनी पुढचे हळकुंड घेतले.

सुटी संपत आली. शनिवारी भरत मुलाला न्यायला आले. शनिवार हा बापूंचा ठरलेला दिवस. ओसरीच्या दाराआड खडूने रेघा ओढलेल्या होत्या. गेल्या दिवाळीपासून अण्णांच्या अकरा, बापूंच्या अकरा. जेवणे आटोपली, पट मांडला गेला, आणि अण्णा भिंतीला टेकून म्हणाले, “बापू, आज माझ्या जागी हा बसेल. रेघ धरायची.”

बापूंनी मिशीतून हसून पोराकडे पाहिले. “हात लागला की चाल झाली बरं का. पोर म्हणून सूट नाही.”

“चालेल, काका.”

भरत दाराच्या उंबऱ्याशी बसले. शेजारचे चार-दोन लोकही जमले. अण्णांच्या बदली खेळणारा कोणी आजवर झाला नव्हता.

सुरुवात श्रेणिकची ठीक झाली. पण वीस-बावीस खेळ्यांनी जुने भय परत आले. बापूंच्या घोड्याने एकदम त्याच्या वजिरावर आणि हत्तीवर डोळा ठेवला. वजीर हलवायलाच हवा होता. तो त्याने इतका दूर पळवला की हत्ती उघडा पडला. वजीर जाता जाता शह देऊ शकत होता, हत्तीही सुटला असता. ते त्याला दिसले नाही. हत्ती गेला. अण्णांनी डोळे मिटून घेतले, ते झोपले की काय असे एकाला वाटले.

आणखी काही मोहरी उतरली. आता पट बराच मोकळा होता. बापूंचा राजा किल्ल्यात, कोपऱ्याच्या शेजारच्या घरात होता. पुढे त्याची दोन प्यादी, कोपऱ्यासमोरचे आणि त्याच्या शेजारचे. तिसरे, उंटासमोरचे, केव्हाच उतरले होते आणि ते घर रिकामे होते. त्यांच्याकडे वजीर, पार डाव्या कोपऱ्यात हत्ती, एक घोडा आणि डावीकडे तीन प्यादी होती. श्रेणिककडे राजा आणि त्याच्यापुढची तीन प्यादी, त्यांतले काठावरचे एक घर पुढे सरकलेले, वजीर, बापूंच्या राजाजवळ पोहोचलेला एक घोडा, आणि पार डावीकडच्या काठावर, मूळच्या घरात, ते हळकुंड. एक पूर्ण हत्ती कमी.

त्याची पाळी होती. तो ती मांडणी ओळखू लागला होता. वजिराने तिरका शह दिला की राजा कोपऱ्यात जाईल, घोडा उंटाच्या रिकाम्या घरात उतरेल, मग दोन शह, मग... त्याचा हात वजिराकडे गेला आणि वाटेतच थांबला. त्याने बोट त्या रिकाम्या घरावर ठेवले. तेथून आडव्या रेषेत एक घर सोडून बापूंचा वजीर बसला होता.

घोडा तेथे उतरला असता तर उतरताक्षणी गेला असता.

श्रेणिकने हात मागे घेतला. बराच वेळ तो नुसता बघत बसला. बापूंनी तंबाखूची पुडी काढली, अण्णांकडे पाहिले आणि परत खिशात ठेवली. मग पोराने डाव्या काठावरचे हळकुंड उचलले आणि दोन घरे पुढे ठेवले. त्याला आधार देणारे कोणी नव्हते. बापूंच्या वजिरापासून तेथपर्यंतची तिरकी वाट साफ मोकळी होती.

उंबऱ्याशी भरत चुळबुळले. आधीच हत्ती कमी, त्यात हे फुकटचे प्यादे.

बापूंनीही विचार केला, नाही असे नाही. त्यांनी त्या प्याद्यामागे काही डाव आहे का ते पाहिले. डावीकडे खरोखर काहीच नव्हते. डाव उजवीकडे होता. एक हत्ती वर असलेला माणूस प्यादी वेचत जातो, तो रिवाजच आहे, आणि त्यात गैर काही नाही. त्यांचा वजीर तिरका लांब पल्ला मारून गेला आणि त्याने हळकुंड उचलले. बापूंनी ते नाकाशी नेऊन हुंगले आणि बाजूला ठेवले.

श्रेणिकने पुन्हा त्या रिकाम्या घरावर बोट ठेवले. आडवी रेषा, मोकळी. उभी, मोकळी. दोन्ही तिरक्या, मोकळ्या. बापूंचा घोडा तेथवर पोहोचत नव्हता. त्याचे ओठ हलत होते. बाहेर रस्त्यावरून म्हशी गेल्या, कोणी मान वळवली नाही.

वजिराने शह दिला. राजा कोपऱ्यात गेला. दुसरीकडे सरकता तर तेथेच आटोपले असते, ते बापूंना दिसले. घोडा उंटाच्या घरात उतरला, शह. राजा कोपऱ्यातून परत शेजारच्या घरात आला. घोडा काठावर गेला आणि दोन शह एकदम बसले. बापूंचा हात पटावर आला आणि थबकला. उचलायला काही नव्हते, आडवे घालायला काही नव्हते. राजा पुन्हा कोपऱ्यात गेला.

मग श्रेणिकने आपला वजीर उचलला आणि बापूंच्या राजाच्या अगदी खांद्याशी, हत्तीच्या तोंडी नेऊन ठेवला.

“अरे वजीर!” भरत अर्धे उठले. “अरे, हात काढ, बघ तरी...”

अण्णांनी डोळे न उघडता हात लांबवला आणि मुलाच्या गुडघ्यावर ठेवला. भरत खाली बसले. तो हात तेथेच राहिला.

बापूंनी पटाकडे पाहिले, मग पोराकडे. त्यांनी हत्तीला स्पर्श करायला जरा वेळ घेतला. पण दुसरी खेळी नव्हतीच. हत्ती रांगेतून सरकत आला, शिवणीचा वजीर उचलला गेला आणि लाकडावर लाकूड टेकल्याचा बारीक आवाज झाला. श्रेणिकने घोडा उंटाच्या घरात ठेवला. या खेपेला तो ‘मात’ म्हणाला नाही. बापूंनीच राजाच्या तिन्ही घरांवरून बोट फिरवले, हत्ती, प्यादे, प्यादे, आणि शिसवीचा राजा आडवा केला.

“ही माझ्याच हातची मोहरी,” ते म्हणाले. “आणि मलाच कोंडलं.” त्यांनी कानावरची पेन्सिल काढून दाराआड जाऊन पाहिले, मग खडू शोधून अण्णांच्या बाजूला बारावी रेघ स्वतःच ओढली. जाताना त्यांनी श्रेणिकच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळकुंड त्याच्या तळहातावर दिले. “ह्याचं प्यादं करून देणार होतो सहा वर्षं झाली. आता नाही करत.”

मंडळी पांगली. श्रेणिक वडिलांना सगळे उलट्या क्रमाने दाखवू लागला. आधी शेवट, मग त्याच्या मागची खेळी, मग त्याच्याही मागची. भरत ऐकत होते. वजीर देण्याच्या खेळीपाशी त्यांनी त्याला थांबवले आणि विचारले, “आणि हत्तीनं उचललाच नसता तर?”

“उचलायलाच लागतो, पप्पा. आधी तेच बघायचं असतं. ते नसेल तर द्यायचा नाही.”

“हे कोणी सांगितलं?”

“आजोबांनी.”

भरत काही बोलले नाहीत. आत आजीने सामायिकाचे आसन अंथरले होते. अण्णा भिंतीचा आधार घेऊन उठू लागले, तेव्हा भरत पटासमोर सरकले आणि मोहरी जागच्या जागी लावू लागले. हळकुंड कोणत्या घरात जाते ते त्यांना माहीत नव्हते, श्रेणिकने दाखवले.

“अण्णा,” ते म्हणाले, “पांढरी कोणाची?”

अण्णा उभ्याउभ्याच थांबले. सांगली सुटल्यापासून त्या दोघांत पट मांडला गेला नव्हता. त्यांनी आतल्या आसनाकडे पाहिले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

“दोन घटिका लागतील मला. नंतर बसलो तरी आज संपायचा नाही हा डाव.”

“राहिला तर उद्या पुरा करू.”

पुण्याची गाडी सकाळी सातची होती. तिकिटे भरतच्या खिशात होती. श्रेणिकने तसे म्हणायला तोंड उघडले आणि वडिलांकडे पाहून मिटले.